एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र गेले: रोजचे १०० रुपये नेमके कधीपासून आणि कसे मागायचे

प्रश्न: बाबांनी ३ मे ला एसटी स्टँडजवळच्या दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १०,००० काढायला कार्ड टाकलं. मशीन बराच वेळ घरघरलं, पैसे काही आले नाहीत, पण कट झाल्याचा मेसेज आला. ५ तारखेला आमच्या ब्रँचला तोंडी सांगितलं तर म्हणाले ७ वर्किंग डेज थांबा. ९ ला कस्टमर केअरला फोन करून कंप्लेंट नंबर घेतला. २० तारखेला ईमेल आला की ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे, तक्रार बंद. आज २२ मे. रोजचे १०० रुपये मिळतात असं ऐकलंय, ते खरं आहे का आणि कोणत्या बँकेकडे मागायचे?

उत्तर:

मी एका बँकेत नऊ वर्षं एटीएम रिकन्सिलिएशनला होतो, म्हणजे अशा तक्रारी आल्या की मशीनचा हिशोब आणि स्विचचा, म्हणजे बँकांना जोडणाऱ्या सिस्टीमचा, हिशोब जुळवत बसणं हेच काम, त्यामुळे तो "सक्सेसफुल" शब्द कसा तयार होतो ते मला आतून माहीत आहे आणि तुमच्या केसमध्ये खरी लढाई १०० रुपयांची नाहीये, त्या एका शब्दाची आहे. पण आधी नियम.

रोजचे १०० रुपये ही ऐकीव गोष्ट नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, नंबर DPSS.CO.PD No.629/02.01.014/2019-20, आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. फेल झालेल्या ट्रान्झॅक्शनचे पैसे किती दिवसात परत आले पाहिजेत ते त्यात ठरवून दिलंय. एटीएमसाठी मुदत आहे टी प्लस ५. टी म्हणजे ट्रान्झॅक्शनची तारीख, आणि ही कॅलेंडरची तारीख, वर्किंग डे नाही. रविवार, बँक हॉलिडे, दुसरा चौथा शनिवार सगळं धरायचं. ब्रँचमध्ये जे "७ वर्किंग डेज" सांगितलं तो २०११ चा जुना नियम आहे, त्याआधी तर १२ वर्किंग डेज होते. काउंटरवरच्या माणसाने ट्रेनिंगमध्ये एकदा ऐकलेलं तो रिटायर होईपर्यंत सांगत राहतो, मुद्दाम फसवतोय असं नसतं.

आता तुमचा हिशोब. टी = ३ मे. टी प्लस ५ = ८ मे. ८ तारीख संपेपर्यंत पैसे परत आले असते तर नुकसानभरपाई शून्य. ९ मे हा उशिराचा पहिला दिवस. आज २२ ला जमा झाले तर ९ ते २२ असे १४ दिवस, म्हणजे १,४०० रुपये. समजा १० जूनला जमा झाले तर मे चे २३ आणि जून चे १०, एकूण ३३ दिवस, ३,३०० रुपये. रक्कम १०,००० असो की ५००, रोजचे १०० तेवढेच. लोक विचारतात की टक्केवारी आहे का, नाही.

आणि हे मोजणं तक्रारीच्या तारखेपासून नाही तर टी प्लस ५ नंतर सुरू होतं. तुम्ही फोन ९ ला केला, ५ ला केला की १५ ला, त्याने आकडा बदलत नाही. सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे की ग्राहकाने मागण्याची वाट न बघता बँकेने स्वतःहून ही रक्कम खात्यात टाकायची. प्रत्यक्षात स्वतःहून टाकतात का, तर काही बँकांच्या सिस्टीममध्ये ते ऑटोमॅटिक बसवलेलं आहे, काहींत माणसाने आठवणीने एन्ट्री मारावी लागते आणि मग ती राहते.

कोणाकडे मागायचं, तर फक्त बाबांचं खातं जिथे आहे त्या बँकेकडे. मशीन दुसऱ्या बँकेचं आहे म्हणून "तिकडे जाऊन विचारा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ज्या मशीनवर बँकेचं नावच नसतं, कंपनीचं असतं, त्या व्हाइट लेबल एटीएमलाही हेच. तुमचा करार तुमच्या बँकेशी, तिने समोरच्या बँकेकडून पैसे कसे वसूल करायचे ते बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नेटवर्कमधून ती बघेल. एक मर्यादा मात्र आहे, हा नियम देशातल्या व्यवहारांनाच आहे. कोणी दुबईत इकडचं कार्ड वापरून अडकला असेल तर हे १०० रुपये तिथे चालत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, तो "सक्सेसफुल".

बाबांनी पिन टाकला की त्या मशीनवरून मागणी मशीनवाल्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयच्या नॅशनल फायनान्शिअल स्विचवरून तुमच्या बँकेकडे येते. तुमची बँक बॅलन्स बघते, खात्यातून १०,००० कट करते आणि "दे" असा निरोप परत पाठवते. लक्षात घ्या, पैसे कट होतात ते नोटा बाहेर येण्याच्या *आधी*. निरोप मशीनला वेळेत पोचला नाही, किंवा पोचला पण नोटा मोजताना अडकल्या, तर मशीनने उलटा निरोप पाठवायचा असतो की दिले नाहीत, परत जमा करा. तो नीट पोचला तर काही मिनिटांत पैसे परत येतात आणि लोकांना तक्रार करायची वेळच येत नाही. तो उलटा निरोपच वाटेत हरवला, लाइन गेली, लाइट गेली, मशीन रीस्टार्ट झालं, की स्विचच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण. तक्रार आल्यावर पहिल्या टेबलावरचा माणूस फक्त स्विचचा रिपोर्ट बघून उत्तर देतो आणि तिथे सक्सेसफुलच दिसणार ना, म्हणून तर तक्रार आली.

खरं काय झालं ते दोन ठिकाणी कळतं. एक म्हणजे मशीनचं जर्नल, ज्याला बँकेत ईजे किंवा जेपी लॉग म्हणतात. मशीनच्या आत प्रत्येक हालचाल सेकंदासकट त्यात लिहिली जाते. मेकप्रमाणे शब्द थोडे बदलतात, पण साधारण असं दिसतं:

```
NOTES PRESENTED
NOTES TAKEN
```

पहिली ओळ म्हणजे नोटा तोंडाशी आल्या, दुसरी म्हणजे कोणीतरी त्या ओढून घेतल्या. दोन्ही नसतील आणि एखादा एरर कोड असेल तर विषय संपला, मशीनने दिलेच नाहीत. पहिली आहे पण दुसरी नाही, तर शटरशी काहीतरी घोळ आहे.

दुसरी जागा म्हणजे कॅश टॅली. मशीनमध्ये पैसे भरणारी एजन्सी येते तेव्हा कॅसेटमध्ये उरलेल्या नोटा मोजतात, शिवाय आत एक रिजेक्ट बिन असतो, मशीनला संशय आलेल्या, चिकटलेल्या, अडकलेल्या नोटा त्यात पडतात, त्याही मोजायच्या. समजा मशीनमध्ये १० लाख होते आणि स्विच म्हणतो की आज ४ लाख वाटले, म्हणजे उरायला हवेत ६ लाख, पण हातात मोजले तर ६ लाख १० हजार. हे जास्तीचे १० हजार कोणाचे? तुमच्या बाबांचे. याला एक्सेस म्हणतात. तुमच्या बँकेने समोरच्या बँकेवर चार्जबॅक टाकला, म्हणजे ते पैसे परत मागितले, की समोरची बँक हेच दोन कागद बघून मान्य करते किंवा नाकारते.

आणि चूक इथेच होते. माझ्याकडे आलेली एक केस सांगतो, नावं सोडून. एका शिक्षिकेचे ९,५०० अडकलेले, चार्जबॅक "एक्सेस नाही" म्हणून नाकारलेला. मी टॅली मागवली तर समोरच्या बँकेने व्यवहाराच्या तारखेचा शीट जोडलेला, पण त्या दिवशी मशीन उघडलंच नव्हतं, आधीचाच आकडा पुढे ओढला होता! कॅश भरायला माणूस गेला तीन दिवसांनी. त्या तिसऱ्या दिवसाच्या शीटवर एक्सेस होता ९,०००. आता मागितले ९,५०० आणि जास्त निघाले ९,०००, म्हणून कोणीतरी "जुळत नाही" म्हणून बाजूला ठेवलेलं. पुढे बघितलं तर त्याच काळात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला एक ५०० ची नोट जास्त गेली होती, दोन नोटा चिकटून, म्हणून ५०० कमी. ९,५०० जास्त आणि ५०० कमी, वजा जाता ९,०००. बाईंना पैसे मिळाले, ५१ दिवस उशिरा, म्हणजे वर ५,१००. तोपर्यंत त्यांना दोन वेळा लेखी कळवलेलं की तुमचा व्यवहार सक्सेसफुल आहे.

म्हणून तुम्ही आता परत "पैसे द्या हो" म्हणून फोन करत बसू नका. कस्टमर केअरवाला मुलगा स्क्रीनवर तेच वाक्य वाचणार. २० तारखेच्या ईमेललाच रिप्लाय करा, बँकेच्या नोडल ऑफिसरला, ज्याचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण पानावर असतो, आणि एक प्रत ब्रँचमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. (बँकेचा नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका, कार्डच्या मागचा किंवा पासबुकवरचाच वापरा. अडकलेले दहा हजार सोडवायला जाऊन आहे ते पण घालवलेली माणसं मी बघितलीत. कोणीही ओटीपी, पिन किंवा लिंकवर क्लिक मागितलं की फोन ठेवायचा.)

मजकूर मोठा नको. असा चालेल, खातं बाबांचं आहे म्हणून त्यांच्या नावाने:

"दिनांक ३ मे रोजी अमुक वाजता, अमुक ठिकाणच्या एटीएमवर (एटीएम आयडी अमुक, आरआरएन अमुक) माझ्या कार्डाने, शेवटचे चार अंक अमुक, रु. १०,००० ची मागणी केली. रोख मिळाली नाही, रक्कम मात्र खात्याला नावे पडली. आपण २० मे रोजी व्यवहार यशस्वी असल्याचे कळवले आहे, ते मला मान्य नाही. कृपया १) या व्यवहाराचा ईजे लॉग, २) व्यवहारानंतर ज्या दिवशी मशीन प्रत्यक्ष उघडून रोख मोजली त्या दिवसाचा कॅश टॅली रिपोर्ट, रिजेक्ट बिनसह, ३) व्यवहाराच्या वेळेच्या आधी व नंतर दहा मिनिटांचे सीसीटीव्ही फुटेज, यांच्या आधारे फेरतपासणी करावी आणि फुटेज जतन करण्यास संबंधित बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार मूळ रक्कम तसेच ९ मे पासून रक्कम जमा होईपर्यंत रोज रु. १०० द्यावेत. तक्रार नाकारायची असल्यास ती अंतर्गत लोकपालांकडे तपासली गेली का, ते लेखी कळवावे."

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. आरआरएन हा बारा आकडी नंबर, स्लिपवर किंवा स्टेटमेंटच्या नॅरेशनमध्ये असतो, स्लिप आलीच नसेल तर ब्रँचमधून स्टेटमेंट काढा, त्यांना तो दिसतो. तो दिला की तुमचा व्यवहार हजारोंतून दोन सेकंदात सापडतो, नाहीतर "माहिती अपुरी" म्हणून तक्रार परत येते. "ज्या दिवशी प्रत्यक्ष मोजली त्या दिवसाचा" हे शब्द तसेच ठेवा, वरची शिक्षिकेची गोष्ट त्यासाठीच सांगितली. सीसीटीव्हीचं लवकर मागायचं कारण फुटेज कायमचं राहत नाही, ठराविक दिवसांनी त्यावरच नवीन रेकॉर्ड होतं आणि मग "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंच खरं असतं. फुटेज तुमच्या हातात बहुतेक देणार नाहीत, दुसऱ्या लोकांचे चेहरे असतात म्हणतील, हरकत नाही, बँकेने बघणं महत्त्वाचं. आणि अंतर्गत लोकपाल, तर मोठ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने बंधन घातलंय की पूर्ण किंवा थोडीसुद्धा नाकारायची तक्रार आधी बँकेच्या आतल्या पण स्वतंत्र माणसाकडे जायला हवी. तुमचा २० तारखेचा ईमेल बहुतेक तिथपर्यंत गेलेला नसणार. हा प्रश्न विचारला की फाइल पहिल्या टेबलावरून उठते.

एक गोष्ट तुम्ही आज घरीच करा, बाबांना शांतपणे विचारा की मशीन घरघरल्यावर ते तिथे किती वेळ उभे होते. राग नको, चूक त्यांची म्हणून विचारत नाहीये. नेटवर्क स्लो असेल तर मशीन मिनिटभर विचार करतं, माणूस कंटाळून निघतो आणि नंतर नोटा बाहेर येतात, मागे उभा असलेला उचलतो. तसं झालं असेल तर ईजेमध्ये NOTES TAKEN खरंच असेल आणि मशीनच्या दृष्टीने रोख दिली गेली, मग टी प्लस ५ आणि १०० रुपये यात बसत नाही, तो विषय पोलिसांचा आणि सीसीटीव्हीचा होतो. तसंच शटरवर पट्टी चिकटवून नोटा आत अडकवायचा आणि माणूस गेला की पट्टी काढून घ्यायचा प्रकार असतो, त्यातही लॉग तुमच्या विरुद्ध दिसू शकतो. बाबांना शटर उघडल्याचा आवाज आला का, पट्टीसारखं काही दिसलं का, स्क्रीनवर शेवटी काय आलं, त्यांच्या शब्दात लिहून ठेवा, तारीख टाका.

काही जण इथे ६ जुलै २०१७ चं "झिरो लायबिलिटी" वालं सर्क्युलर जोडतात की सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, कार्ड क्लोन झालं वगैरे. इथे कार्ड बाबांनीच टाकलं, पिन त्यांनीच दाबला. चुकीचं सर्क्युलर जोडलं की बँकेचा माणूस त्याच एका मुद्द्याला उत्तर देतो आणि बाकीचं सोडून देतो, आयतं कोलीत देऊ नका.

आता लोकपाल, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा. बँकेकडे लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसात उत्तर नाही आलं तर जाता येतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण बँकेने नाकारलंच असेल तर ३० दिवस थांबायची गरज नसते. तुमच्याकडे २० मे चा नकार लेखी आहे, त्यामुळे तुम्ही तांत्रिकदृष्ट्या आजही जाऊ शकता. माझं मत विचाराल तर आधी वरचं पत्र पाठवा, आठ दहा दिवस द्या, कारण त्या पत्राची प्रत जोडलेली तक्रार लोकपालाकडे फार वजनदार दिसते आणि बऱ्याचदा एवढ्यातच पैसे येतात. पण महिनोन्महिने पत्रव्यवहार करत राहू नका, लोकपालाकडे जायलाही मुदत असते.

तक्रार cms.rbi.org.in वर करायची, मोबाइलवर ओटीपी येतो, फी नाही, वकील लागत नाही. पोर्टल जमत नसेल तर माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. पहिल्या तक्रारीचा नंबर, बँकेचा नकार, तुमचं पत्र, ३ मे ची एन्ट्री दिसणारं स्टेटमेंट एवढे चार कागद जोडा, जास्त भारा नको. "काय हवं" या ठिकाणी मूळ १०,००० आणि ९ मे पासून जमा होईपर्यंत रोज १०० असं दोन्ही लिहा. नुसती मूळ रक्कम लिहिली तर बँक ती देते आणि तक्रार मिटली म्हणून बंद होते. त्याच वेळी ग्राहक आयोगात पण केस टाकू नका, एकाच विषयाची दोन दारं एकदम उघडली की लोकपाल आपलं दार बंद करतो. खातं छोट्या सहकारी बँकेत असेल तरीसुद्धा २०१९ चा नियम लागू आहे, तक्रार याच पोर्टलवर टाकायची, ती लोकपालाच्या कक्षेत बसत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या दुसऱ्या कक्षाकडे वळवली जाते.

पैसे आल्यावर कुठे फसतं ते सांगून थांबतो. एक, काही बँका तक्रार झाल्यावर तात्पुरती रक्कम जमा करतात आणि समोरच्या बँकेने नाकारलं की पुन्हा नावे टाकतात. ती एन्ट्री तात्पुरती आहे की फायनल हे विचारा, तोपर्यंत "समाधान झाले" च्या मेसेजला हो म्हणू नका. दोन, कधी कधी एन्ट्रीला व्हॅल्यू डेट, म्हणजे व्याज मोजायची तारीख, ३ मे ची देतात, त्यामुळे व्याजाचं नुकसान होत नाही हे ठीक, पण म्हणून उशीर झालाच नाही असं होत नाही. उशीर मोजायचा तो पैसे प्रत्यक्ष खात्यात पडले त्या तारखेपर्यंत, म्हणून जमा झाल्याचा एसएमएस डिलीट करू नका. तीन, हा फसलेला व्यवहार महिन्याच्या फ्री व्यवहारांत मोजायचा नसतो, त्यामुळे मे च्या स्टेटमेंटमध्ये एटीएम चार्ज लागलाय का बघा, लागला असेल तर तोही मागा, छोटी रक्कम आहे पण आपलीच आहे.

आणि १०० रुपयांची एन्ट्री बऱ्याचदा वेगळी येते, मूळ रकमेसोबत नाही, कधी दोन चार दिवस मागेपुढे. १०,००० आले आणि आठवड्याभरात दुसरी एन्ट्री नाही दिसली तर नवीन तक्रार करू नका, जुन्याच नंबरवर एक ओळ टाका: "मूळ रक्कम अमुक तारखेला मिळाली, ९ मे ते त्या तारखेपर्यंतच्या अमुक दिवसांचे रु. अमुक येणे बाकी." दिवस आणि आकडा तुम्हीच मोजून लिहा, त्यांच्यावर सोडलं की वर्किंग डेज मोजतात.